फेरफार ‘धरला’, झाला नाही

मंगळवार, रात्री साडेदहा

आजची संध्याकाळ एका वाक्यात गेली. शेततळ्यांच्या कामाची परवा झालेली बैठक दोन तास चालली होती. तिचं जसंच्या तसं टिपण सव्वीस पानांचं आहे आणि मराठी न येणाऱ्या सहकाऱ्यांसाठी त्याचा इंग्रजीत एक पानी सारांश करायचा होता. मधल्या वादाचा दोन ओळींत निकाल लागला. अडलं ते क्षेत्र समन्वयक ताईंच्या वाक्यावर: ‘त्या दोघा भावांचा फेरफार धरलाय. सातबारा निघाला की आपण बघू.’

पहिल्या खर्ड्यात मी भराभर लिहिलं होतं की जमिनीच्या मालकीतला बदल नोंदवला गेला आहे आणि उतारा मिळताच काम सुरू करू. इंग्रजी छान वाहत होतं, पण वाचणाऱ्याने ‘काम झालं’ असं समजून करारनामा सहीला पाठवला असता.

झालंय ते एवढंच. वडील वारले, वारस म्हणून दोन मुलांची नावं लावायचा अर्ज दिला आणि तलाठ्याने फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद घेतली. याला ‘धरला’ म्हणतात. पुढे हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी 15 दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात, तेव्हा फेरफार ‘मंजूर’ होतो आणि मग सातबाऱ्यावर नावं चढतात. बहिणीने हरकत घेतली तर प्रकरण तक्रारी नोंदीत जातं आणि लांबतं. आज सातबाऱ्यावर वडिलांचंच नाव आहे, त्यामुळे सही नेमकी कोणाची घ्यायची हेच ठरलेलं नाही.

म्हणून `ferfar` आणि `satbara` हे शब्द तसेच ठेवले. पहिल्यांदा येतात तिथे सात-आठ शब्दांत अर्थ दिला, पुढे फक्त शब्द. धरला आणि मंजूर यांतला फरक मात्र इंग्रजीतच उलगडून लिहिला, कारण निर्णय त्या क्रियापदावर उभा आहे. नाम जपून क्रियापद हरवलं असतं तर सगळा खटाटोप फुकट गेला असता.

कोणता शब्द ठेवायचा, याची माझी कसोटी आता साधी आहे. सहकाऱ्याला कार्यालयात जाऊन तो कागद त्याच नावाने मागावा लागेल का? लागणार असेल तर शब्द राहतो. शेततळं म्हणजे शेतातलं तळं, त्याचं सरळ भाषांतर केलं. पण दोन पानांनंतर ‘मागेल त्याला शेततळे’ आलं तेव्हा ते योजनेचं नाव होतं, म्हणून तिथे अक्षरही बदललं नाही. गुंठेही ठेवले. बोलणाऱ्याने वीस गुंठे म्हटलं होतं आणि उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. मी अर्धा एकर लिहिलं असतं, तर ताडून बघणाऱ्याला तिसरंच एकक दिसलं असतं. चाळीस गुंठ्यांचा एकर, एवढं एकदाच सांगितलं.

एका गोष्टीकडे जवळजवळ दुर्लक्ष झालं होतं. टिपणात एकजण ‘तलाठी’ म्हणतो आणि दुसरा ‘ग्राम महसूल अधिकारी’. पदाचं नाव बदललंय, माणूस तोच. दोन्ही नावं ठेवली असती तर तिकडे दोन वेगळे अधिकारी वाटले असते. म्हणून पूर्ण सारांशात `talathi` लिहिलं आणि नवं नाव एकदाच शेजारी दिलं. स्पेलिंगही एकच. मागच्या सारांशात मी सातबारा तीन प्रकारे लिहिला होता आणि शोधताना अर्धे उल्लेख सापडलेच नाहीत. ती चूक मला अजून बोचते.

‘आपण बघू’चं काय करायचं, ते कागदावरून कळेना. तो होकार असतो, टाळणं असतं आणि कधी कधी सभ्य नकारही. टिपणात सूर उतरत नाही. शेवटी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अहो, उतारा हातात आल्याशिवाय खड्ड्याला हात लावायचा नाही, एवढंच म्हणत होते मी.’ म्हणजे होकारही नव्हता आणि नकारही. ती अट होती, आणि सारांशात ती अट म्हणूनच गेली.

नऊ वाजता पाठवला. वीस मिनिटांत एका सहकाऱ्याचा प्रश्न आला: `ferfar` धरून 15 दिवस झाले का, आणि नोटीस कोणत्या तारखेची? सव्वीस पानं पुन्हा चाळली, तारीख कुठेच नाही. उद्या सकाळी ताईंना तीच विचारायची आहे.