दहा टक्के लॅक्टिक ढिम्म का होतं, ते कळलं

चेहऱ्याला लावायच्या लॅक्टिक अॅसिडचा गुंता एकदाचा सुटला! मागच्या वेळी लिहिलं होतं, ७ टक्के ग्लायकोलिकचा टोनर लावला की गाल चुरचुरतात आणि सकाळी हाताला गुळगुळीत लागतात. उलट १० टक्के लॅक्टिकचं सीरम रात्रभर चेहऱ्यावर असूनही काही फरक नाही. लॅक्टिकचा रेणू मोठा, म्हणून ते सौम्य, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. ते खरंच आहे, पण सौम्य म्हणजे अगदीच निष्क्रिय नव्हे.

शेवटी विश्रामबागेतल्या लॅबचं सामान ठेवणाऱ्या दुकानातून पीएच पट्ट्या आणल्या. १ ते १४ वाल्या घेऊ नका, त्यात साडेतीन आणि साडेचार सारखेच दिसतात. कमी पल्ल्याच्याच मागा. सीरम घट्ट असल्याने पट्टीवर थेंब पसरून थोडं थांबले आणि खिडकीच्या उजेडात रंग जुळवला. टोनर साडेतीनच्या आसपास, सीरम चक्क ५!

त्वचेत शिरतं ते मुख्यतः फ्री अॅसिड, म्हणजे क्षाराच्या रूपात न गेलेलं. ग्लायकोलिक असो की लॅक्टिक, पीएच ३.८ च्या जवळ असताना साधारण निम्मं अॅसिड फ्री असतं आणि पीएच वाढला की ते झपाट्याने घटतं. हिशेब केला, तर ७ टक्क्यांच्या टोनरमध्ये पावणेपाच टक्क्यांच्या आसपास फ्री अॅसिड आहे आणि १० टक्क्यांच्या सीरममध्ये पाऊण टक्कासुद्धा नाही. ते सीरम आता मॉइश्चरायझर म्हणून संपवणार, कारण त्यातलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिकचा क्षार, पाणी धरून ठेवतं. बाटलीवर टक्के ठळक छापायचे आणि पीएचचं नावच काढायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही.

हनुवटीवरच्या बारीक बंद पुटकुळ्या मात्र ग्लायकोलिकला दाद देईनात. ते पाण्यात विरघळणारं, वरच्या थरावरच काम करतं. सॅलिसिलिक तेलात मिसळतं, म्हणून तेलाने भरलेल्या छिद्रात उतरतं. २ टक्क्यांचा टोनर कापसाने पुसायचे तेव्हा निम्मा कापसातच राहायचा. तेवढ्याच टक्क्यांचं सीरम बोटाने फक्त हनुवटीवर लावून ठेवायला लागल्यापासून पुटकुळ्या बसू लागल्यात. आरशात तिरकं बघितलं की कळतं, फार बरं वाटतं!

पुढे ३० टक्के ग्लायकोलिक पील घरीच करायचा बेत होता. तो रद्द. ग्लायकोलिक पील वेळ मोजून सोड्याने उदासीन करावं लागतं. एखाद्या जागी जास्त मुरलं, तर आपल्या सावळ्या कातडीवर काळा डाग महिनोन्महिने राहतो, त्यात सांगलीचं ऊन. करायचंच झालं तर त्वचारोगतज्ज्ञाकडून, थंडीत.

लिहितालिहिता सुचलं: पीएच ३.८ चं लॅक्टिक मिळवून डाव्या गालाला, उजव्याला हाच ग्लायकोलिक टोनर, दोन्ही एक दिवसाआड रात्री. सकाळी सनस्क्रीन आहेच. एवढ्या पीएचचं लॅक्टिक कुणी पट्टीने तपासलं असेल तर नाव कळवा.