शेवटचा अर्धा मिलिमीटर : अप्रेंटिसना ड्रिल शिकवतानाचा माझा अनुभव

मी पूर्वी ज्या कारखान्याच्या मेन्टेनन्समध्ये होतो, तिथे एका अप्रेंटिसच्या डाव्या हाताला अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये 5 टाके पडले. काम अगदी साधं होतं. पॅनेलच्या पत्र्याला 6 मिमीचं होल मारायचं होतं. पोराने पत्र्याचा तुकडा टेबलावर ठेवला, डाव्या हाताने दाबून धरला आणि उजव्या हाताने ड्रिल चालवलं. होल जवळजवळ झालंच होतं, आणि तेवढ्यात बिट पत्र्यात अडकलं. अख्खा तुकडा पंख्यासारखा गरकन फिरला आणि त्याची कड हातात घुसली. मी चार पावलांवर होतो, पण काही करायला वेळच मिळाला नाही.

पुढच्या वर्षी आयटीआय झालेले 6 नवे अप्रेंटिस आले. त्यात 2 मुली होत्या. साहेबांनी मला सांगितलं, ह्यांच्या हातात ड्रिल द्यायच्या आधी नीट ट्रेनिंगचा प्लॅन कर, लेखी कर आणि प्रत्येकाची चेकलिस्ट फाइलला लाव.

पहिला प्लॅन मी एका संध्याकाळी लिहून टाकला : अर्धा तास माहिती, अर्धा तास प्रात्यक्षिक, मग सराव आणि शेवटी 10 मुद्द्यांची चेकलिस्ट. गॉगल घातला का, जॉब पकडला का, मशीन सुरक्षित वापरलं का. एका जुन्या फिटर मित्राला तो कागद दाखवला. त्याने वाचून विचारलं, “ज्या पोराला लागलं, त्याला ह्यात किती टिका मिळाल्या असत्या?” मी मोजल्या. 10 पैकी 9 मिळाल्या असत्या. तो कागद मी बाजूला ठेवला आणि त्या पोराचा हात नेमका कशाने कापला, तिथून विचाराला सुरुवात केली.

बिटाचं टोक शंकूसारखं असतं. नेहमीच्या 118 अंशांच्या 6 मिमी बिटाचा हा शंकू साधारण 1.8 मिमी उंच असतो. आमचा पत्रा 1.6 मिमीचा. म्हणजे होल पूर्ण रुंदीचं व्हायच्या आत टोक खालून बाहेर पडलेलं असतं. त्या क्षणी समोरचा विरोध एकदम कमी होतो, पण आपण मागून तेवढ्याच जोराने रेटत असतो. बिट पुढे उडी घेतं, त्याच्या कडा होलच्या उरलेल्या काठात स्क्रूसारख्या रुततात आणि मग मशीन बिटाबरोबर पत्राही फिरवायला लागतं. धोका असतो तो ह्या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये. पत्रा क्लॅम्पमध्ये धरायचा हे तर शिकवायचंच, पण बिट पार होताना दाब कमी करायचा हे हाताला कळलं पाहिजे. ते सांगून कळत नाही.

म्हणून सुरुवात विजेच्या ड्रिलने करायचीच नाही असं ठरवलं. स्टोअरमध्ये हाताने फिरवायची, गियरची दोन जुनी हँड ड्रिल धूळ खात पडली होती. ती साफ केली, गियरला तेल दिलं. 4 मिमीचं बिट आणि 3 मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घेतली. मुलांना वाटलं, सर हे काय जुनंपानं घेऊन बसलेत. पण ह्या हत्याराची गंमत अशी की बिट पार व्हायला लागलं की दांडा हातातच अडतो. मोटार नसल्यामुळे ते अडणं थेट मनगटाला कळतं. प्रत्येकाने 10 होल मारले. सातव्या-आठव्या होलपासून सगळे शेवटी आपसूक हात हलका करू लागले. एक मुलगी म्हणाली, “सर, आधी आवाज बदलतो, मग अडतं.” हे माझ्या प्लॅनमध्ये नव्हतं. मी ते तिथेच पेनाने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी विजेचं मशीन घेतलं. आधी ते तपासायला शिकवलं : केबल बोटांखालून सरकवत प्लगपर्यंत पाहायची, बॉडीवर चौकोनात चौकोन हे डबल इन्सुलेशनचं चिन्ह आहे का बघायचं आणि करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या, बोर्डावरच्या 30 मिलिॲम्पियरच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ती पडते का ते पाहायचं. इलेक्ट्रिशियन ट्रेडची मुलं असल्याने इथे फार वेळ लागला नाही.

वेळ गेला तो हातमोज्यांवर. मोजे घातले की हात वाचतो असंच सगळ्यांना वाटत होतं. मी मशीन सुरू न करता, जुन्या मोज्याचा सुटलेला धागा बिटाच्या खोबणीत धरला आणि बिट पकडणारा चक हाताने फिरवला. दोन फेऱ्यांत मोज्याचं बोट बिटाला गुंडाळलं गेलं. पुन्हा कुणी मोजे मागितले नाहीत. चौघांच्या मनगटात धागे होते. धागा कापायला सांगणं मला योग्य वाटलं नसतं. तो त्यांनी सोडून दंडावर, बाहीच्या आत बांधला आणि विषय संपला.

प्रात्यक्षिकाच्या वेळी मुलांना समोर उभं केलं नाही. समोरून सगळं उलटं दिसतं आणि कीसही अंगावर उडतो. एका वेळी तिघांना माझ्या उजव्या बाजूला, जरा मागे उभं केलं. मला जे दिसतं तेच त्यांना दिसायला हवं होतं. एक होल नेहमीच्या वेगाने, काही न बोलता मारून दाखवलं. मग प्लग काढून तेच सगळं सावकाश, बोलत बोलत केलं : सेंटर पंचने खूण, पत्र्याखाली 20 मिमीचा लाकडी ठोकळा, दोन जी क्लॅम्प. दोन अशासाठी की एकाच क्लॅम्पवर पत्रा त्याच्याभोवती फिरू शकतो. चक चावीने तिन्ही भोकांतून आवळायचा. तिसऱ्या वेळी मुलांनी पायरी सांगायची आणि मी फक्त सांगितलं तेवढंच करायचं. एकाने “आता मशीन चालू करा” म्हटलं तेव्हा चावी चकमध्येच होती. मी हात थांबवला आणि काही न बोलता वाट पाहिली. 5-6 सेकंदांनी तिघंही एकदम ओरडले.

त्याच दुपारी सगळ्या मशीनच्या चाव्या आखूड दोरीने केबलला प्लगच्या अगदी जवळ बांधल्या. आता चावी वापरायची तर प्लग बोर्डातून काढावाच लागतो.

सरावासाठी जोड्या केल्या. एक जण ड्रिल मारणार, दुसरा बोर्डाच्या स्विचपाशी हात ठेवून उभा राहणार आणि “बंद” ऐकलं किंवा काही वेगळं दिसलं की लगेच स्विच पाडणार. एका वेळी एकच जोडी. बाकीच्यांना थांबावं लागलं, पण दोन टेबलांवर एकदम लक्ष ठेवता येत नाही हे मी आधी अनुभवलेलं होतं. मशीन चालूच राहतं ते लॉक बटण वापरायचं नाही असा नियम केला. बोट सुटलं की मशीन थांबलं पाहिजे.

चेकलिस्ट आता वेगळी लिहिली. “सुरक्षितपणे वापरतो” असली वाक्यं काढून टाकली. जे डोळ्याला दिसतं किंवा मोजता येतं तेवढंच ठेवलं. प्लग काढूनच बिट बदललं का. चक पूर्ण थांबेपर्यंत मशीन खाली ठेवलं नाही ना. कीस ब्रशने झाडला की हाताने. चावी, क्लॅम्प आणि गॉगल ह्या तिघांपैकी एक जरी चुकलं तरी बाकी काहीही बरोबर असो, त्या दिवशी सही नाही.

शेवटी दाब कमी केला की नाही, हे कसं ओळखायचं? नुसतं बघून नक्की सांगता येत नाही. ते लाकडी ठोकळ्याने सांगितलं. पत्रा काढायचा आणि ठोकळ्यात बिट किती खोल गेलंय ते मोजायचं. 2 मिमी तर जाणारच, कारण शंकू पूर्ण बाहेर यावा लागतो. 5 मिमीपर्यंत मी पास धरलं. त्याहून जास्त म्हणजे बिट पार होताना हात रेटतच होता. सलग 5 होल 5 मिमीच्या आत, अशी अट ठेवली.

पाच जणांचं दोन दिवसांत झालं. सहावा मुलगा अडला. हँड ड्रिलवर त्याचा हात सगळ्यांत हलका होता, पण इथे ठोकळ्यात 14 मिमी, 12 मिमी, परत 13 मिमी. मी त्याला घाई करू नकोस म्हणून दोनदा बोललो, जरा कडकच बोललो. तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी वाकून पाहिलं तर तो अर्धं अंग मशीनवर टाकून दाबत होता आणि बिटातून कीस येतच नव्हता. काळपट चुरा पडत होता आणि किंचित धूर येत होता. बिट काढून उजेडात धरलं. धारेवर पांढरी चमकणारी रेघ दिसली. चांगल्या धारेवर उजेड चमकत नाही. ह्याच्या धारेची बाहेरची टोकं गोल झाली होती. सकाळी बिटं मीच वाटली होती आणि हे बोथट बिट रोज त्याच्याच वाट्याला येत होतं. बोथट बिट कापत नाही म्हणून माणूस जास्त रेटतो, आणि जेवढा जास्त रेटतो तेवढं शेवटी ते जोरात उडी घेतं. मी त्याला नवं बिट दिलं आणि माझं चुकलं असं सगळ्यांसमोर सांगितलं. पहिलंच होल 4 मिमी. मग 3, 4, 3, 3.

टाके पडले होते त्या दिवशीचं बिट मी पाहिलंच नव्हतं. ते कसं होतं हे आता कधीच कळणार नाही.

चेकलिस्टच्या अगदी वर मी एक ओळ घातली : बिट उजेडात धरून धार पाहिली, आणि पहिल्या काही सेकंदांत दोन्ही धारांवरून कीस निघतो का ते पाहिलं. त्याखाली लिहिलं की बिट नाकारायचा अधिकार अप्रेंटिसला आहे, आणि त्यासाठी कुणी त्याला बोलणार नाही.

सही करताना प्रत्येक कागदावर “पत्रा, 6 मिमीपर्यंत” एवढंच लिहिलं. साहेब म्हणाले, “ड्रिल शिकलेत ना, मग उद्यापासून ऑफिसच्या भिंतीवर केसिंगच्या कामाला पाठव.” मी नाही म्हणालो. भिंतीत वेगळं बिट लागतं, हॅमर लागतो, आणि मुख्य म्हणजे स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भिंतीतून लाइन गेलेली असू शकते. ती शोधायची कशी, सप्लाय कुठून बंद करायचा आणि बंद झालाय हे टेस्टरवर न थांबता मीटरने कसं पाहायचं, हे त्यांना मी अजून शिकवलेलं नव्हतं. त्याला आणखी 4 दिवस दिले.

पाचव्या दिवशी सकाळी, आवाज बदलतो म्हणणारी तीच मुलगी स्टोअरच्या खिडकीपाशी आली. हातात 6 मिमीचं बिट होतं.

“सर, ह्याचा नुसता चुरा पडतोय. दुसरं द्या.”

मी दुसरं दिलं, आणि ते जुनं बिट ग्राइंडरवर धार लावायच्या डब्यात टाकलं.