देखणे पत्र आणि ओबडधोबड नोटीस

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मी शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळतो. मार्च महिन्यातल्या एका सोमवारी कार्यालय उघडून अर्धा तासही झाला नसेल, तेव्हा आमच्या द्वितीय वर्षातल्या एका विद्यार्थिनीचे वडील दोन कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. एक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला होता आणि दुसरा चुरगळलेला होता. चुरगळलेला कागद टेबलावर आपटून ते म्हणाले, "सर, ह्ये तुमच्या कालेजाचं हाय का? कुनीतरी आमाला फसवायलंय."

आपटलेला कागद आमचीच नोटीस होती. जपून ठेवलेला कागद बनावट होता. त्या दिवशीचे माझे निम्मे काम या दोन कागदांबद्दलचा त्यांचा समज उलटा करण्यात गेले, आणि ते वाटले तितके सोपे नव्हते, कारण दिसण्यावरून पाहिले तर त्यांचेच बरोबर होते. बनावट पत्रावर राजमुद्रा होती, जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता, पंतप्रधानांच्या नावाने सुरू होणारे योजनेचे लांबलचक नाव होते आणि मुलीचे नाव, वर्ग, महाविद्यालय अचूक छापलेले होते. मुलीला 48,000 रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली असून 2,150 रुपये प्रक्रिया शुल्क त्याच दिवशी दुपारी चारपर्यंत भरावे, अन्यथा मंजुरी रद्द समजली जाईल, असा मजकूर होता. आमच्या नोटिशीची छपाई मात्र फिकट होती, सही अर्धी उमटलेली होती, आणि 'केंद्र हिश्श्यापोटी आपल्या खात्यात जमा झालेल्या रकमेपैकी शिक्षण शुल्काचे 30,000 रुपये सात दिवसांत भरावेत' असे एकच वाक्य तिच्यावर होते.

"मामा, बसा आधी," मी म्हणालो आणि मुलीला वर्गातून बोलावून घेतले.

अशा वेळी पत्रावरचा शिक्का खरा की खोटा हे तपासत बसण्यात मी वेळ घालवत नाही, कारण शिक्का कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, की या योजनेसाठी अर्ज कधी आणि कुठे केला होता. शासकीय शिष्यवृत्ती अर्जावाचून मंजूर होत नाही. राज्याच्या योजनांचा अर्ज महाडीबीटीवर असतो, केंद्राच्या बऱ्याच योजनांचा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतो, आणि दोन्हीकडे तो महाविद्यालयाच्या लॉगिनमधून पडताळणी होऊनच पुढे सरकतो. म्हणजे मंजुरी खरी असेल तर तिचा माग माझ्या संगणकावर सापडायलाच हवा. मुलीने सांगितले, की तिने वर्षभरात एकच अर्ज केला होता आणि तो होता महाडीबीटीवरचा, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा. तो मीच पडताळून पुढे पाठवलेला होता. पत्रातल्या योजनेसाठी तिचा अर्जच नव्हता.

खरे तर येथेच विषय संपत होता. पण वडिलांचे समाधान होईना. त्यांनी पत्राच्या तळाशी असलेल्या अठरा आकड्यांवर बोट ठेवले. "जीआर हाय न्हवं ह्यो? नंबर बी दिलाय की."

या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण पत्र करणारा माणूस येथे हुशारी करायला गेला आणि सापडला. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक संगणक सांकेतांक दिलेला असतो. तो अठरा अंकी असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना व दिवस. हे पत्र त्याच आठवड्यातल्या तारखेचे होते. सांकेतांकाचे पहिले आठ अंक मात्र सहा वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातला एक दिवस सांगत होते. मी शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, तेव्हा एक खराखुरा शासन निर्णय उघडला. पण तो एका वेगळ्याच विभागातल्या अस्थायी पदांना मुदतवाढ देण्याचा होता. कोणत्या तरी जुन्या निर्णयाची शेपटी कापून येथे चिकटवलेली होती. शिवाय, योजनेचे पत्र केंद्राचे आणि सांकेतांक राज्याचा, हेही जुळत नव्हते. मुळात शासन निर्णय योजनेचा निघतो, एकेका विद्यार्थ्याच्या नावाने निघत नाही, हे मी मामांना सांगितले. पण त्यांना पटले ते पडद्यावर 'पदांना मुदतवाढ' हे शब्द त्यांनी स्वतः वाचल्यावर.

पत्रात दिलेला संकेतस्थळाचा पत्ताही आम्ही पाहिला. त्यात 'gov' आणि 'in' ही दोन्ही अक्षरे होती, मात्र त्यांच्यामध्ये टिंब नसून आडवी रेघ होती. पत्ता वाचताना सुरुवातीचे `https://` सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत यावे आणि तेथून मागे पाहावे. तेथे `.gov.in` किंवा `.nic.in` असा टिंबासह शेवट असेल तर तो शासनाचा, कारण ही नावे खासगी माणसाला मिळत नाहीत. आडव्या रेघेचे नाव पैसे भरून कोणीही घेऊ शकतो. राष्ट्रीय पोर्टलचा पत्ता `scholarships.gov.in` आणि महाडीबीटीचा `mahadbt.maharashtra.gov.in` आहे, आणि यांपैकी कोठेही अर्जासाठी किंवा मंजुरीसाठी शासन शुल्क घेत नाही. सुविधा केंद्रवाला फॉर्म भरून देण्याचे पैसे घेतो, ती त्याची मजुरी असते.

शेवटी मी पत्रावरचा क्यूआर कोड माझ्या मोबाइलवरून स्कॅन केला आणि रक्कम टाकण्याच्या पडद्यावरच थांबलो. पैसे घेणाऱ्याच्या जागी एका व्यक्तीचे नाव आले. मामा ते नाव दोनदा वाचून गप्प झाले, आणि मग हळूच म्हणाले, "काल रातच्याला पाचशे टाकलेत सर. नोंदनी म्हनून."

तेव्हा प्रथम ते काम हाती घेतले. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावला, व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि बँकेचे नाव सांगितले, आणि नंतर `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवली. रात्रभरात ते पाचशे रुपये पुढच्या खात्यात गेले असणार हे मला दिसत होते. फोन लवकर गेला तर रक्कम वाटेत गोठवता येते, उशिरा गेला तर आशा उरते ती थोडीच. ते पैसे अजून आलेले नाहीत. मुलीने त्या माणसाला आधार कार्डाचे छायाचित्रही पाठवले होते, म्हणून आधारचे बायोमेट्रिक लॉक करून घेतले.

आता राहिली आमची नोटीस, आणि तिची तपासणी अधिक अवघड निघाली. मामांचा आक्षेप रास्त होता. त्यांनी मुलीचे पासबुक आणले होते, आदल्या शनिवारीच बँकेत जाऊन नोंदी छापून घेतल्या होत्या, आणि त्यात शिष्यवृत्तीचा एक रुपयाही नव्हता. शासनाकडून खात्यात आलेल्या रकमा दाखवणाऱ्या पीएफएमएस या संकेतस्थळावर तो खाते क्रमांक टाकून पाहिला, तर तेथेही काही सापडले नाही. जे पैसे आलेच नाहीत त्यांतून 30,000 रुपये मागणारी नोटीस मला दाखवली असती, तर मीही तिला बनावट म्हटले असते.

हा गोंधळ दरवर्षी होतो. या योजनेत केंद्राचा हिस्सा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के आहे, आणि केंद्राचा हिस्सा शुल्कासह थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. महाविद्यालयाचे शुल्क विद्यार्थ्याने त्यातून भरायचे असते. पण खात्यात म्हणजे कोणत्या खात्यात? अर्जावर लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर त्या वेळी आधारशी ज्या बँकेचे खाते जोडलेले असेल त्या खात्यात. नवे खाते उघडताना संमतीच्या चौकटीत खूण झाली की जोडणी गुपचूप तिकडे सरकते, आणि जुन्या पासबुकाकडे पाहणाऱ्याला वाटते पैसे आलेच नाहीत. पीएफएमएसवर जुना क्रमांक टाकला तर तेही जुन्या खात्याचेच उत्तर देते. म्हणून 'नोंद नाही' याचा अर्थ 'पैसे आले नाहीत' असा लगेच घेऊ नये.

मुलीच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहिली. तेथे पोस्टाच्या पेमेंट बँकेचे नाव आले. मामा मुलीकडे पाहायला लागले. तिला आठवले, की दिवाळीत गावात पोस्टमन आले होते आणि आजीच्या पगारीसाठी घरातल्या सगळ्यांचेच अंगठे घेतले होते. (आमच्याकडे निराधार योजनेच्या पैशांना पगारच म्हणतात.) दुपारी मुलगी पोस्टात जाऊन आली. त्या खात्यात 34,200 रुपये जमा होते.

मग मी कागदावर हिशेब मांडला. तिचे मंजूर शुल्क 50,000 आणि घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनीचा वर्षाचा निर्वाह भत्ता 7,000, म्हणजे एकूण 57,000. त्याचे 60 टक्के होतात 34,200. त्यात शुल्काचा भाग 30,000 आणि भत्त्याचा 4,200. नोटीस 30,000 चीच होती. भत्ता मुलीचा असतो, त्यावर महाविद्यालयाचा हक्क नसतो. मागणी 34,200 ची असती, तर सही प्राचार्यांची असली तरी ती चुकीचीच ठरली असती. शुल्काची मागणी तपासताना मी हाच आकडा आधी पाहतो.

एक गोष्ट मात्र दिवसभर मला खुपत होती. त्या भामट्याला मुलीचे नाव, वर्ग आणि मोबाइल क्रमांक कोठून मिळाला? सायंकाळी उत्तर मिळाले. शिष्यवृत्तीचे अर्ज बाकी असलेल्यांची यादी मीच जानेवारीत वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती, आणि तिच्यात मोबाइल क्रमांकाचा रकाना तसाच राहिला होता. त्या यादीतल्या आणखी चार मुलींना तसेच पत्र आलेले निघाले. त्यांना फोन करता करता कार्यालय बंद व्हायची वेळ झाली. आता यादीत फक्त हजेरी क्रमांक असतो.

दुसऱ्या दिवशी मामा शुल्क भरायला आले. रोखपालांनी क्यूआर कोडची पाटी पुढे सरकवली, तशी त्यांनी ती परत सरकवली आणि मला हाक मारली. "सर, आधी नाव बघू द्या कुनाचं येतंय ते." मुलीने स्कॅन केले. पडद्यावर महाविद्यालयाचे नाव आले. ते नाव त्यांनी नोटिशीवरच्या नावाशी अक्षर न अक्षर ताडून पाहिले, मागे रांगेत उभी असलेली मुले चुळबुळ करीत असतानाही, आणि मगच मुलीला मान डोलावून खूण केली.