दुरुस्ती लिहूनच पाठवा

गुरुवार, रात्र

किल्ल्यांच्या पुस्तकाचं दुसरं प्रूफ आज परत आलं आणि सोबत लेखककाकांचा लांबलचक व्हॉइस मेसेज. मी लगेच लिहिलं, "काका, मला ऐकून काम करता येत नाही. पान नंबर, ओळ आणि दुरुस्ती एवढं लिहून पाठवाल का?" संध्याकाळपर्यंत पीडीएफवरच टिपा टाकलेली फाइल आली. नातीनं मदत केली म्हणे.

माझ्या दोन्ही कानांना यंत्रं आहेत. यंत्रानं आवाज मोठा होतो, पण शब्द सुटा होत नाही. स, श, फ असे बारीक आवाज माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. माणूस समोर असला की ओठांवरून बरंच भागतं, तरी प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. ‘पान’ म्हणाले की ‘मान’ हे मागच्यापुढच्या शब्दांवरून ताडायचं. आकड्यांच्या आणि आडनावांच्या बाबतीत ताडायला तसं काही नसतं, आणि फोनवर तर ओठही नसतात.

डीटीपी शिकल्यावर पहिली नोकरी फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात लागली. तिथेही काम मजकूर लावायचंच, पण गिऱ्हाईक खुर्चीमागे उभं राहून तोंडी सांगणार. स्क्रीनकडे बघायचं की त्यांच्या तोंडाकडे? संध्याकाळच्या गर्दीत तर तिघं एकदम बोलायची. तेव्हाच पक्कं कळलं की कोणतं सॉफ्टवेअर येतं यापेक्षा त्या धंद्यात दुरुस्ती कशी येते हे आधी बघायला हवं. पुस्तकाच्या कामात ती समासात लिहून येते, आणि ही रीत माझ्यासाठी कुणी मुद्दाम पाडलेली नाही. म्हणून मी पुस्तकांकडे वळले. पैसे उशिरा मिळतात, दुकानासारखे रोजच्या रोज नाही. तरी मला हेच परवडतं.

या पुस्तकाचा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होता. असं काम आलं की मी मूळ फाइलीबरोबर तिची पीडीएफही मागते, कारण रूपांतरात काय बिघडलं ते ताडून बघायला दुसरं साधन नसतं. नेहमी मार खातो तो ऱ्य. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो:

```
U+0931 U+094D U+092F
U+0930 U+094D U+200D U+092F
```

दुसऱ्या तऱ्हेत मधलं `U+200D` हे न दिसणारं चिन्ह असतं. ते गळालं की ऱ्यचा र्य होतो. इथे तेच झालं होतं, सह्याद्रीतल्या सगळ्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या होत्या. ‘दर्या’ हाही खरा शब्द, त्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो. सरसकट बदल करूनही चालत नाही, कारण पुढे जलदुर्गांच्या प्रकरणात खरोखरच दर्या आहे आणि सूर्यही आहे. मी प्रत्येक र्य शोधून मूळ पीडीएफशी ताडला. दुपार त्यातच गेली, पण हे काम निव्वळ डोळ्यांचं आहे आणि त्यात मी कुणापेक्षा कमी नाही.

दुसरी अडचण काकांच्या टिपांमधून निघाली. पुस्तक बरोबर 192 पानांचं बसवलं होतं, म्हणजे सोळा पानी बारा फॉर्म. काकांनी शेवटच्या प्रकरणात पाच ओळी वाढवल्या आणि शेवटच्या पानावर जागा होती तीन ओळींची. दोन ओळी 193व्या पानावर गेल्या. एका पानासाठी जादा कागद लावावा लागतो, त्याचा खर्च प्रकाशकावर येतो. दोन्ही पानांचे फोटो काढून काकांना पाठवले आणि विचारलं, "याच प्रकरणातल्या दोन ओळी कमी करता येतील?" त्यांनी एक वाक्य काढायला सांगितलं, तेही लिहून. कोणतं वाक्य कुणी काढलं हा वाद उद्या निघालाच तर ते सगळं त्या चॅटमध्ये आहे.

छापखान्याचं मात्र अजून नीट बसलेलं नाही. प्लेट बनवताना काही अडलं की तिथली माणसं सवयीनं फोनच लावतात. आता फाइलीसोबतच्या कागदावर ठळक लिहिते, ‘फोन नको, फोटो काढून व्हॉट्सॲप करा.’ दिवसपाळीत हे पाळलं जातं. रात्रपाळीचा माणूस बदलला की पुन्हा मिस्ड कॉल.

एका साप्ताहिकाची पानं लावायचं काम चालून आलंय. पैसे दरमहा आहेत, त्यामुळे मोह होतोच. मी एवढंच विचारलं की अंक छापायला जाण्याआधीच्या तासाभरात बदल कसे येतात. उत्तर आलं, "फोनवर, नाहीतर ओरडून." मी कळवलंय की त्या रात्री एकाच माणसानं सगळे बदल पान नंबरासकट ग्रुपवर लिहायचं कबूल केलं तर एक अंक करून बघते. अजून उत्तर नाही.