फोटोत न दिसणारी लाटी

फोटोखाली आधी एकच ओळ टाकणार होते: "आजी शिकवतेय, नात शिकतेय, आणि लाट्या कमी होतायत." पण गेल्या उन्हाळ्यात आपल्यातल्या बऱ्याच जणींनी "नुसता फोटो नको, प्रमाण आणि फजिती दोन्ही लिही" म्हणून दम भरला होता. म्हणून ओळ लांबली. ही या वर्षीच्या उडदाच्या पापडांची नोंद, बैठक पहिली आणि दुसरी.

फोटोत डावीकडे आमच्या सासूबाई. एक पाय लांब, एक दुमडलेला, पाठ भिंतीला. उजवीकडे माझी लेक मनू, वय वर्षं नऊ, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. मधे पोळपाट. आजीचं लाटणं खाली ठेवलेलं आहे आणि तिची दोन बोटं मनूच्या मनगटावर आहेत. नीट बघा, बोटं दाबत नाहीयेत, उचलतायत. त्या दोन बोटांचं कारण खाली सांगते, कारण सगळं शिक्षण त्यातच होतं.

आधी पीठ. पहिल्या बैठकीला एक किलो उडदाच्या डाळीचं पीठ घेतलं. पापडखार 35 ग्रॅम, मीठ 45 ग्रॅम, दोन छोटे चमचे हिंग आणि मूठभर काळी मिरी भरड कुटून. पापडखार नि मीठ पाण्यात टाकून उकळी आणायची, पाणी गार होऊ द्यायचं आणि वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं, तळाशी बसलेला गाळ नाही. साधारण 400 मिली पाणी लागलं. मी दर वर्षी इथे घाबरून दोन चमचे पाणी जास्त घालते आणि दर वर्षी आई म्हणतात, "पापड करायचेत का घावन?" पीठ हाताला दगडासारखं लागलं पाहिजे. ते रात्री मळून, तेलाचा हात लावून झाकून ठेवलं.

सकाळी कुटणी. पाट्यावर पीठ ठेवून वरवंट्याने वीस-पंचवीस मिनिटं, मधून मधून तेलाचं बोट, घडी घालायची, परत हाणायचं. कधी थांबायचं हे घड्याळ सांगत नाही. पिवळट-करडं पीठ पांढुरकं दिसायला लागतं, आणि चिमटीत धरून ओढलं तर तटकन तुटण्याऐवजी लांबत जातं. तिथे थांबायचं. कुटणी अपुरी राहिली की लाटताना कडेला बारीक चिरा पडतात आणि आपण उगाच लाटण्याला दोष देतो.

मग वळी करून दोऱ्याने कापल्या 96 लाट्या, प्रत्येकी साधारण 15 ग्रॅमच्या. सुरीने कापल्या तर लाटी एका बाजूने चेपते, दोऱ्याने कापली की गोल राहते. लाट्या तेलाचा हात फिरवलेल्या डब्यात, वर झाकण. उघड्या राहिल्या तर दहा मिनिटांत वर साय धरल्यासारखी कातडी येते.

आता मनू. पहिला पापड तिने लाटला तेव्हा तो मधे इतका पातळ झाला की पोळपाटाचा रंग दिसायला लागला, आणि कडेला मात्र पोळीच्या काठासारखा जाड. सगळ्याच नवशिक्यांचं हे होतं. माझंही झालं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, आणि तेव्हा आईंनी तो पापड सगळ्या शेजारणींना दाखवला होता (विसरले नाहीये). लाटणं दर वेळी मधून जातं, म्हणून मध्यावर प्रत्येक फेरीत दाब पडतो. कडेपर्यंत पोचायच्या आतच हात वर उचलला जातो किंवा कडेवरून घसरून खाली आपटतो.

आजीने आधी तोंडी सांगून पाहिलं. "मधनं सुरू कर, कडेला जाऊन थांब, कडेवरनं उतरू नको." मनूने मान डोलावली आणि परत तेच केलं. मग आजीने ती दोन बोटं मनगटाखाली घातली. लाटणं मधे आलं की बोटं मनगट किंचित वर उचलायची, म्हणजे भार निघून जायचा. लाटणं कडेकडे सरकलं की बोटं सोडून द्यायची, म्हणजे भार परत पडायचा. मधे हलकं, कडेला जड. दर दोन फेऱ्यांनी पापड पाव वळसा फिरवायचा. चार-पाच पापड असे दोघींनी मिळून लाटले आणि सहाव्याला आजीने गुपचूप बोटं काढून घेतली. मनूला कळलंही नाही. सायकल शिकवताना मागून सोडतात ना, अगदी तसं, फक्त आजी मागे धावली नाही, तिचा गुडघा दुखतो.

लाटणं कुठलं, हे कुणीतरी विचारणारच. आईंचं जुनं, रेघांचं, दोन्ही टोकांना निमुळतं. रेघांमुळे पीठ लाटण्याला चिकटत नाही आणि पुढे ढकललं जातं. मनूने गुळगुळीत लाटणं मागितलं, ते दिलं, दुसऱ्याच पापडाला ते पापडासकट उचललं गेलं. पिठी मात्र कमीत कमी. पापडावर राहिलेली पिठी तळताना तेलात उतरते, जळते आणि पुढचे सगळे पापड काळ्या ठिपक्यांचे निघतात.

कड जाड राहिली तर बिघडतं काय, हे मनूला वाळत घातल्यावर दिसलं. आमच्याकडे उडदाचे पापड आधी सावलीत, घरात, जुन्या सुती साडीवर पसरतात. दुपारपर्यंत आजीचे आणि माझे सपाट पडून होते आणि मनूच्या पहिल्या सगळ्यांच्या वाट्या झाल्या होत्या. पातळ मध्य लवकर वाळून ताठ होतो, जाड कड मागाहून वाळते आणि आकसते. मधला भाग हलत नाही, मग कड वर उचलली जाते. मनूचं म्हणणं, "आजी, हे पापड नाहीयेत, ह्यात कोशिंबीर वाढायची." आजीने त्यातला एक संध्याकाळी विस्तवावर भाजला. मध्यावर लाल होऊन करपला, कड तशीच कच्ची, दाताखाली चिवट. मनूने तो सगळा खाल्ला, तोंड वाकडं न करता. स्वाभिमान म्हणतात तो हाच असावा.

माझा छंद वजनकाट्याचा, म्हणून हिशेबही केला. एकच 15 ग्रॅमची लाटी. आजीचा पापड 17 सेंटिमीटरचा, म्हणजे सगळीकडे सारखा धरला तर जाडी जवळपास अर्धा मिलिमीटर. मनूचा 14 सेंटिमीटरचा, म्हणजे सरासरी पाऊण मिलिमीटर, आणि ती सगळी जास्तीची जाडी कडेला. आईंना आकडे दाखवले. त्यांनी पापड खिडकीसमोर धरला आणि म्हणाल्या, "हे बघ, इथे उजेड आहे, इथे नाही. काट्याला कशाला त्रास?" पद्धत त्यांचीच बरी आहे. ओला पापड उजेडासमोर धरला की जाड कड गडद कड्यासारखी दिसते, आणि तेव्हा तो सुधारता येतो. वाळल्यावर नाही.

पहिल्या बैठकीचा जमाखर्च: आजी 40, मी 31, मनू 10. एकूण 81. लाट्या 96. फरक 15.

ज्यांनी घरी पापड केलेत त्यांना हा फरक कुठे जातो ते माहीत आहे. कच्ची लाटी तेलात बुडवून खाणं हा या कामाचा पगार आहे. मनूला बोलावून विचारलं. ती म्हणाली नऊ. देवाशपथ नऊ. आजी म्हणाली, "पंधरा खाल्ल्यास तू, खार आहे त्यात, पोट बिघडेल." मनूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आकडा बदलला नाही. मी दोघींकडे बघितलं आणि विषय सोडला.

लाटता लाटता आईंना लिज्जतची गोष्ट सांगितली. 1959 साली 15 मार्चला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पुढे संस्था एवढी मोठी झाली, तरी पीठ मळून मिळतं आणि बायका घरी नेऊन लाटतात. आईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सात जणी नि चारच पाकिटं? मग लाट्या त्यांच्याही कुणीतरी खाल्ल्या असणार."

दुसरी बैठक पुढच्या रविवारी, अर्धा किलोची. 48 लाट्या. या वेळी आजीने नियम घातला: पाच पापड लाटले की एक लाटी. मनूने 22 लाटले. पहिले तीन अजून कडेला जाड, पण ते तिने स्वतः खिडकीशी नेऊन ओळखले आणि परत पोळपाटावर घेतले. वाळल्यावर वाट्या फक्त दोन. शेवटच्या पाचांपैकी एक 16 सेंटिमीटर भरला. त्याआधी सोळावा पापड आजीने दोन्ही बाजूंनी पाहिला, काही न बोलता आपल्या पापडांच्या ओळीत नेऊन ठेवला. आमच्या घरात हे प्रमाणपत्र आहे. मला ते मिळायला तीन उन्हाळे लागले होते.

एक चूक माझी. त्या दिवशी आभाळ आलं होतं आणि मी घाईने पापड दुपारीच उन्हात नेले. ओल पूर्ण गेली नव्हती. उन्हाने आजीचे सपाट पापडही मुरडले आणि सात-आठ उचलताना तडकले. आधी सावलीत ओल जाऊ द्यायची आणि मगच थोडं ऊन दाखवायचं, हे मला माहीत होतं. माहीत असून केलं. तडकलेले चुरून फोडणीत घातले.

जमाखर्च: मनू 22, आजी 13, मी 8. एकूण 43. मनूचा हक्काचा पगार 4. झाले 47. लाट्या 48.

एक लाटी कमी. मनूने वही दाखवली, चार खुणा, पेन्सिलने, प्रत्येकीपुढे तारीख. आजी म्हणाली, "मोजताना चुकली असशील तू."

रात्री तुमच्यासाठी फोटो निवडत होते. हाच वर टाकलेला. दोन बोटं स्पष्ट दिसावीत म्हणून मोठा करून पाहिला, आणि बोटांवरून सरकत सरकत आजीच्या चेहऱ्यावर आले. उजवा गाल सपाट. डावा फुगलेला. हनुवटीवर तेलाचा बारीक थेंब.

फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि आईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, नीट पाहिलं, चष्मा काढला.

"मीठ बघत होते," त्या म्हणाल्या. "आणि मागच्या रविवारी हिंग."