महापूर तीन दिवस आधी आला

जुलै २०२१ चा पाऊस आम्ही एका अभ्यासासाठी गोळा करत होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ६३ पर्जन्यमापक केंद्रांचा महिन्याचा तक्ता पीडीएफमध्ये मिळाला होता. डावीकडे केंद्राचं नाव, मग १ ते ३१ तारखा आणि शेवटी महिन्याची बेरीज. कोरड्या दिवशी 0.0 छापलेलं, आणि ज्या दिवशी नोंदच झाली नाही तो सेल कोरा. हा फरक तक्ता बनवणाऱ्यांनी नीट पाळला होता. तो पुसला गेला तो माझ्या हातून.

दुपारी आलेख स्क्रीनवर टाकला. सोबत काम करणाऱ्या ताईंचं माहेर चिपळूणजवळचं. त्या एका केंद्राच्या रेषेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा उंच खांब १९ तारखेला कसा? अहो, पाणी २२ च्या पहाटे आलं. १९ ला आई वाळवण आत-बाहेर करत होती."

मी लगेच मानलं नाही. पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते आणि ती मागच्या चोवीस तासांची असते. काही ठिकाणी ती आदल्या दिवसाच्या नावावर लिहिली जाते, त्यामुळे एक दिवस मागेपुढे होणं या कामात नेहमीचं. तीनचार केंद्रांवर मोठा पाऊस २१ ला दिसत होता, आणि तो मी सकाळीच याच कारणाखाली सोडून दिला होता. पण साडेआठचा नियम तीन दिवस खाऊ शकत नाही.

आणि बेरीज तर जुळत होती. पीडीएफमधल्या शेवटच्या कॉलमशी प्रत्येक केंद्राची बेरीज मी ताडून पाहिली होती, ६३ पैकी ६३ बरोबर. त्याच भरवशावर मी आकडे पुढे पाठवणार होतो.

मूळ पीडीएफ उघडून त्या केंद्राची ओळ मोठी करून बघितली. ९, १४ आणि १५ तारखेचे सेल कोरे. मोठा आकडा बरोबर २२ खाली. माझ्या कोडमध्ये ओळ अशी तुटत होती:

```python
tokens = line.split()
total = tokens[-1]
days = tokens[:-1]
```

नाव आधीच बाजूला काढलेलं होतं, उरलेली ओळ मोकळ्या जागेवर तोडायची, एवढंच. पण मोकळी जागा दोन शेजारच्या आकड्यांमधली असो की मधल्या कोऱ्या सेलची असो, `split()` ला दोन्ही सारख्याच. कोरा सेल निघून जातो आणि त्याच्यामागचे सगळे एकेक पाऊल डावीकडे सरकतात. ९ नंतरचे आकडे एक घर सरकले, १५ नंतरचे तीन. २२ चा पाऊस १९ वर जाऊन बसला. ज्या केंद्रांवर २२ च्या आधी एकच सेल कोरा होता, तिथे तो २१ वर. साडेआठचा नियम म्हणून मी ज्यांना सोडलं होतं, ती हीच केंद्रं.

बेरीज जुळण्याचं कारणही इथेच होतं. आकडे जागा बदलतात, हरवत नाहीत. ओळीतले आकडे कसेही सरकवा, ओळीची बेरीज तीच राहणार. म्हणजे या चुकीला आडव्या बेरजेची तपासणी कधीच पकडू शकत नव्हती. पकडली असती ती उभ्या तपासणीने. तक्त्याच्या तळाशी प्रत्येक तारखेची जिल्हा सरासरी छापलेली होती, आणि मी ती ओळ 'नको असलेली' म्हणून वगळली होती. आता ती काढून लावली तर पहिले आठ दिवस तंतोतंत जुळले आणि ९ पासून फरक पडायला लागला. मी सहज म्हणून ताडलेले आकडे पहिल्या आठवड्यातलेच होते, म्हणून तेही बरोबर निघाले होते. घसरण पहिल्या कोऱ्या सेलच्या उजवीकडेच असते.

आणखी एक खूण डोळ्यांसमोर होती. ओळींची लांबी कमीजास्त असली तरी `pd.DataFrame(rows)` तक्रार करत नाही, कमी पडलेल्या जागा शेवटी रिकाम्या भरून टाकतो. त्यामुळे माझ्या टेबलात १ ते २५ तारखेपर्यंत एकही कोरी नोंद नव्हती आणि ३१ ला १७ केंद्रं कोरी होती. महिनाअखेरीला सतरा ठिकाणची माणसं एकदम नोंद घ्यायची विसरतील, असं होत नाही. सगळी रिकामी जागा उजव्या कडेला साचलेली दिसली, की आकडे डावीकडे सरकलेत असं समजावं.

दुरुस्तीसाठी आकडे कितव्या नंबरचे आहेत हे सोडून ते पानावर कुठे आहेत हे धरावं लागलं. `pdfplumber` चं `extract_words()` प्रत्येक शब्दाची डावी कड `x0` आणि उजवी कड `x1` देतं. पहिला प्रयत्न मी शीर्षकातल्या तारखांच्या मध्यावरून केला आणि तो फसला. तारखा मध्यभागी छापलेल्या, आकडे मात्र उजवीकडे टेकवलेले. 112.4 चा मध्य आणि 3.0 चा मध्य वेगवेगळ्या जागी येतो आणि कॉलम जेमतेम २१ पॉइंट रुंद. उजवी कड मात्र दोघांची एकच.

म्हणून पूर्ण भरलेल्या, म्हणजे ३१ च्या ३१ आकडे असलेल्या ओळी निवडल्या आणि त्यांच्यावरून प्रत्येक तारखेची उजवी कड ठरवली. हे दर पानाला वेगळं करावं लागलं, कारण दुसऱ्या पानावर सगळा तक्ताच थोडा उजवीकडे होता. मग नाव आणि शेवटची बेरीज वगळून प्रत्येक आकडा जवळच्या कडेला:

```python
i = min(range(31), key=lambda k: abs(w["x1"] - edges[k]))
if abs(w["x1"] - edges[i]) > 4:
    doubtful.append(w)
else:
    row[i] = float(w["text"])
```

`row` सुरुवातीला ३१ `None` ची. शून्यांची नाही, यावर मी अडून राहिलो. शून्य भरलं तरी केंद्राची बेरीज बदलत नाही, पण न मोजलेला दिवस कोरडा ठरतो आणि त्या दिवसाची सरासरी खाली येते. तळाची छापील सरासरी नोंद असलेल्या केंद्रांनीच भागलेली होती. आमची सरासरी `None` वगळून काढली तेव्हाच ती ३१ पैकी २९ दिवस जुळली.

उरलेले दोन दिवस `doubtful` मध्ये सापडले. तिथे दोन आकडे होते, 48.2* आणि तसाच आणखी एक. आकडा रांगेत, पण शेपटीचा तारा कॉलमच्या बाहेर गेलेला, म्हणून उजवी कड चार पॉइंटांच्या पलीकडे. जुन्या कोडमध्ये मी हा तारा `replace` ने आधीच पुसत होतो आणि तो कशासाठी आहे हे कधी बघितलंच नव्हतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: आधीच्या न मोजलेल्या दिवसांसह एकत्रित मोजणी. म्हणजे डावीकडच्या कोऱ्या सेलचा पाऊसही याच आकड्यात होता.

ते दोन आकडे त्यांच्या तारखेखाली ठेवले, तारा वेगळ्या कॉलममध्ये नोंदवला आणि रोजच्या तुलनेतून त्यांना बाजूला केलं. तळाची सरासरी काढताना मात्र धरलं, कारण तक्त्यातही ते धरलेले होते. ३१ च्या ३१ जुळल्या. संध्याकाळी ताईंना आलेख परत दाखवला. त्यांनी ते केंद्र शोधलं, २२ वरचा खांब बघितला आणि मग खाली सरकत शेजारची सगळी केंद्रं एकेक करून तपासत बसल्या.