दोन तोंडांचं तळं

माझ्या खेळात चौकोनी टाइल असतात. प्रत्येक कडेवर पाणी, रान किंवा शेत यांपैकी एक असतं, आणि टाइल लावताना कड कडेशी जुळली पाहिजे. फिरवून एकसारख्या दिसणाऱ्या एकच धरल्या तर नेमक्या २४ टाइल होतात. मी तो संच दुप्पट केला होता, म्हणजे ४८. नकाशा सगळ्यांचा मिळून एकच. पाण्याची एकही कड उघडी उरली नाही की तळं पूर्ण, आणि शेवटची टाइल लावणाऱ्याला तळ्यातल्या टाइलइतके गुण.

त्या दिवशी तिघांना खेळायला बसवलं. मी मुद्दाम गप्प होतो. (डिझायनरने मध्ये तोंड घातलं की चाचणी वाया जाते.) अर्ध्या तासात टेबलावर विचित्र नकाशा झाला. गोल तळं एकही नाही, सगळी लांबच लांब, वळणं घेत गेलेली, आणि प्रत्येकाला दोन तोंडं उघडी.

एकाच्या हातात तोंड बंद करणारी टाइल होती. ती त्याने दोनदा उचलली आणि परत ठेवली. मी विचारलं, "का रे?" तो म्हणाला, "मी हे तोंड बंद केलं की दुसरं हा करणार. मी कशाला त्याला आयतं देऊ?"

त्याचं गणित चोख होतं. तळं ६ टाइलचं. त्याने सातवी लावायची, पुढच्याने आठवी लावून ८ गुण न्यायचे, आणि याच्या पदरात शून्य. पुढच्याकडे तशी टाइल असण्याची शक्यताही भरपूर, कारण २४ पैकी ८ टाइलना पाण्याची एकच कड आहे. म्हणून सगळे दोन पाणकडांच्या टाइल लावून तळं नुसतं लांबवत होते. त्याने बक्षीस वाढायचं, आणि बक्षिसाबरोबर धास्तीही.

दुपारी नियम बदलला. पाण्याची टाइल लावली की तिच्यावर आपली सोंगटी ठेवायची. तळं पूर्ण झालं की प्रत्येक सोंगटीमागे तिच्या मालकाला १ गुण, आणि बंद करणाऱ्याला वर २. आता तेच तळं घ्या: माझ्या ३ सोंगट्या, पुढच्याच्या २, तिसऱ्याची १. मी एक तोंड बंद केलं की माझ्या ४ होतात. पुढच्याने तळं पूर्ण केलं तर त्याला ३ आणि वरचे २ मिळून ५, मला ४. एवढा फरक खेळाडू हसत सोसतात. वरचे २ काढून बघितले, तेव्हा तळी पुन्हा अडली: स्वतःला ३ घेऊन मला ४ कोण देईल?

एक अडचण मात्र उरलीच. ज्याची तळ्यात एकही सोंगटी नाही, त्याला ते बंद करून ३ मिळतात आणि मला ४, म्हणून तो तिथे फिरकत नाही. ते मी तसंच ठेवलंय. अपूर्ण तळ्याला शेवटी शून्य गुण, त्यामुळे ज्यांच्या सोंगट्या अडकल्यात त्यांनाच घाई करावी लागते.